नवीन फोनवर गेम पहिल्या लेव्हलपासून सुरू झालाय? आधी खेळणं थांबवा, मग हे करा

नवीन फोन आला, जुन्यातलं सगळं कॉपी झालं, फोटो आले, कॉन्टॅक्ट आले, व्हॉट्सॲप पण आलं, आणि गेम उघडला तर तो बोट दाखवून सांगतोय की इथे टॅप करा, म्हणजे सरळ ट्युटोरियल. तीन-चार वर्षांचा खेळ गायब. असं झालं असेल तर सगळ्यात आधी एकच करा, गेम बंद करा. ट्युटोरियल संपवू नका, नाव टाकू नका, "बघू तरी काय होतंय" म्हणून दहा लेव्हल खेळू नका.

कारण असं आहे की बहुतेक वेळा जुना प्रोग्रेस कुठेतरी सुरक्षित असतो आणि तो जातो ते नंतर, आपल्याच हाताने. नवीन फोनवरचा गेम कोरा असतो, तो खेळत गेलात आणि मध्येच त्याने क्लाउडवर सेव्ह केलं तर काही गेममध्ये हा कोरा सेव्ह जुन्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. आणि जुना फोन अजून घरात असेल तर त्याला हात लावू नका, म्हणजे रिसेट नाही, त्यातला गेम अनइन्स्टॉल नाही, "क्लिअर डेटा" तर अजिबात नाही. एक्स्चेंजमध्ये द्यायचा असेल तर दोन दिवस थांबवा.

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाणाऱ्यांसाठी आहे, आयफोनचं शेवटी थोडक्यात सांगतो.

प्रोग्रेस नक्की असतो कुठे

तीनच जागा आहेत. पहिली, गेम कंपनीचा स्वतःचा सर्व्हर. क्लॅश ऑफ क्लॅन्स, बीजीएमआय, फ्री फायर असे सगळे ऑनलाइन गेम यात येतात. तुमचं गेममधलं गाव किंवा तुमची रँक फोनमध्ये नसतेच, फोनमध्ये असते फक्त चावी, म्हणजे तुमचं लॉगिन. नवीन फोनवर चावी नाही म्हणून गेम तुम्हाला ओळखत नाही आणि नवीन माणूस समजून पहिल्यापासून सुरू करतो.

दुसरी जागा गूगल प्ले गेम्सचा क्लाउड सेव्ह. यात गेमची सेव्ह फाइल तुमच्या गूगल अकाउंटच्या ड्राइव्हमध्ये एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते, ड्राइव्ह उघडून ती दिसत नाही, फक्त तो गेमच ती वाचू शकतो. इथे चावी म्हणजे तुमचं जीमेल.

तिसरी जागा म्हणजे फोनच. बरेच ऑफलाइन पझल गेम, रेसिंगचे छोटे गेम, यांची सेव्ह फाइल फोनच्या मेमरीत असते आणि कुठेच जात नाही, गेली तर फक्त अँड्रॉइडच्या स्वतःच्या बॅकअपमधून जाते.

जुना फोन हातात असेल तर ओळखायला सोपी ट्रिक आहे. त्यावर फ्लाइट मोड लावा आणि गेम उघडा. "इंटरनेट नाही" म्हणून अडून बसला तर पहिली जागा. सगळ्या लेव्हलसकट आरामात चालला तर सेव्ह फोनमध्ये आहे, आता त्याची कॉपी क्लाउडवर पण आहे का ते गेमच्या सेटिंग्जमध्ये बघायचं, तिथे अकाउंट, कनेक्ट, सेव्ह प्रोग्रेस असं काही दिसतंय का आणि ते जोडलेलं आहे का.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक: जीमेल दुसराच

माझा भाचा सांगलीला असतो, बारावीत आहे. रात्री साडेदहाला फोन, "मामा, माझं सगळं गाव गेलं". क्लॅश ऑफ क्लॅन्स, टाउन हॉल 13, आणि नवीन फोनवर टाउन हॉल 1. जुना फोन एक्स्चेंजमध्ये दुपारीच डिलिव्हरीवाला घेऊन गेलेला, म्हणजे त्यावर बघायचा प्रश्नच नाही. तोपर्यंत पठ्ठ्याने नव्या गावात टाउन हॉल 3 पर्यंत बांधून पण झालं होतं, रडत रडत.

मी पहिलं विचारलं की जुना फोन कोणाच्या जीमेलवर होता. म्हणाला माझ्याच. मी म्हटलं अरे तो फोन घेतला तेव्हा तू आठवीत होतास, तेव्हा तुझं जीमेल होतं का? शांतता. मग आठवलं की तेव्हा दाजींनी स्वतःचं जीमेल टाकून दिलं होतं, त्याचं स्वतःचं नंतर दहावीच्या ॲडमिशनच्या वेळी काढलं.

पण आठवणीवर विसंबू नका, तपासता येतं. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे फोटोवर टॅप करा, ॲप मॅनेज करायच्या पानावर जा, तिथे मॅनेज टॅबमध्ये "या डिव्हाइसवर" च्या जागी Not installed निवडा. त्या जीमेलवरून आजवर कधीही टाकलेली सगळी ॲप तिथे दिसतात. मग फोटोवरूनच दुसऱ्या अकाउंटला जाऊन तेच बघा. नवीन फोनवर गेम टाकलाय म्हणून तो आत्ताच्या अकाउंटच्या यादीत असणारच, त्यामुळे तुम्हाला बघायचंय ते जुन्या फोनवर नक्की असलेले बाकीचे गेम कोणत्या यादीत आहेत ते. भाच्याच्या अकाउंटवर फक्त अभ्यासाची ॲप निघाली, दाजींच्या फोनवर बघितलं तर जुने सगळे गेम तिथे.

दुसरी तपासणी इनबॉक्सची, आणि ही खरंच कमाल उपयोगी आहे. प्रत्येक जीमेलमध्ये गेमचं नाव आणि कंपनीचं नाव टाकून सर्च करा, स्पॅममध्ये पण बघा. दाजींच्या मेलमध्ये क्लॅश ऑफ क्लॅन्सच्या कंपनीचं नाव "Supercell" टाकल्यावर तीन वर्षांपूर्वीचं व्हेरिफिकेशन कोडचं मेल सापडलं, विषय संपला, Supercell ID त्याच मेलवर आहे हे पक्कं झालं. फेसबुकने लॉगिन केलं असेल अशी शंका असेल तर फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये "ॲप्स आणि वेबसाइट्स" असतं, तिथे फेसबुकने कोणकोणत्या गेममध्ये घुसलात त्याची यादी असते. गूगलचं तसंच पान हे आहे:

```
myaccount.google.com/connections
```

पुढचं काम पाच मिनिटांचं. नव्या फोनवर गेमच्या सेटिंग्जमध्ये Supercell ID वर टॅप, तिथे लॉगिन निवडायचं, नवीन आयडी बनवायचा पर्याय नाही. दाजींचा मेल टाकला, 6 आकडी कोड दाजींच्या मेलवर गेला, दाजी झोपलेले, ताईने त्यांना उठवलं, त्यांनी चष्मा शोधून कोड वाचून दाखवला. स्क्रीनवर गावाचं नाव आणि टाउन हॉल 13 आलं, भाच्याने फक्त कन्फर्म केलं. टाउन हॉल 3 वालं गाव कोणत्याच मेलला जोडलेलं नव्हतं म्हणून ते मागे पडलं, त्याने काही बिघडलं नाही.

यात नशिबाची गोष्ट एकच होती. रडण्याच्या भरात त्याने नवीन गाव दाजींच्या मेलला जोडलं नाही.

लॉगिन आणि लिंक यातला फरक नीट बघा

यावरच सगळं अडतं म्हणून वेगळं लिहितोय. गेममध्ये दोन प्रकारची बटणं असतात. एक म्हणजे लॉगिन, स्विच अकाउंट, लोड, रिस्टोअर, याचा अर्थ "मी आधीपासून आहे, माझं आण". दुसरं म्हणजे लिंक, बाइंड, सेव्ह प्रोग्रेस, याचा अर्थ "आत्ता स्क्रीनवर जे आहे ते या मेलला जोड". जुन्या फोनवर दुसरं बटण दाबायचं असतं आणि नवीन फोनवर पहिलं. उलटं केलं की कोरा गेम मेलला चिकटतो.

काही गेममध्ये दोन्हीला एकच बटण असतं, तेव्हा गेम मध्येच एक खिडकी दाखवतो, एका बाजूला या फोनवरचा सेव्ह, लेव्हल 2, दुसऱ्या बाजूला क्लाउडचा, लेव्हल 341, कोणता ठेवू? इथे घाई करू नका. स्क्रीनशॉट काढा, दोन्हीकडची लेव्हल, नाणी, तारीख वाचा आणि मोठा आकडा असलेला निवडा. बटणावरचे शब्द फसवे असतात, "कीप करंट" म्हणजे आत्ता फोनवर आहे तो, म्हणजे कोरा. समजत नसेल तर मागे या, काही न निवडता ॲप बंद करा, नुकसान होत नाही.

नवीन फोनवर ट्युटोरियल अर्धवट होऊन गेम अडकला असेल आणि लॉगिनचं पान परत दिसतच नसेल, तर नवीन फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, तो गेम, स्टोरेज, तिथे Clear data करा. गेम एकदम पहिल्यासारखा होतो आणि सुरुवातीचं लॉगिनचं पान परत येतं. हे फक्त नवीन फोनवर आणि तिथे ठेवण्यासारखं काही नाही याची खात्री करूनच.

प्ले गेम्सवाला सेव्ह येत नसेल तर

इथे अडचण बहुतेक अशी असते की फोनवर दोन-तीन जीमेल आहेत आणि गेमने स्वतःहून पहिलं धरलं. वर एक पट्टी येते, "वेलकम" आणि तुमचं गेमर नाव, ती दोन सेकंदात जाते म्हणून कोणी वाचत नाही. ती वाचा. नाव अनोळखी असेल तर अकाउंट चुकलंय.

प्ले गेम्स ॲप टाका, त्यात प्रोफाइलवर जा आणि प्रत्येक जीमेलने त्या गेमच्या अचीव्हमेंट दिसतात का बघा. जिथे तुमच्या जुन्या अचीव्हमेंट दिसतील ते तुमचं अकाउंट. मग प्ले गेम्सच्या सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी करायच्या, गेममध्ये आपोआप साइन इन होण्याचा स्विच तात्पुरता बंद, आणि या गेमसाठी अकाउंट बदलायचा जो पर्याय आहे तिथे बरोबर जीमेल निवडा. त्यानंतर नवीन फोनवर गेमचा डेटा क्लिअर करून, चांगल्या वायफायवर गेम उघडून साइन इन करा आणि लगेच खेळायला न घुसता एखादं मिनिट थांबा, सेव्ह उतरायला वेळ लागतो.

एवढं करूनही गेम चुकीचंच जीमेल धरत असेल तर ते जीमेल फोनच्या सेटिंग्जमधून काढून टाका, बरोबर अकाउंटने गेम चालू झाला की परत टाका. फोनवरून अकाउंट काढल्याने ते अकाउंट डिलीट होत नाही, लोक उगाच घाबरतात.

एक मात्र लक्षात घ्या, प्ले गेम्सला साइन इन आहे म्हणजे सेव्ह क्लाउडवर आहेच असं नाही. काही गेम प्ले गेम्स फक्त अचीव्हमेंट आणि लीडरबोर्डसाठी वापरतात. अचीव्हमेंट सगळ्या दिसतायत आणि लेव्हल 1 च आहे असं झालं तर समजायचं की सेव्ह फाइल फोनमध्येच होती.

गेस्ट म्हणून खेळत होतात?

माझ्या मावशीचं हेच झालं. रंगीत गोळ्या जुळवायचा एक गेम, रोज दुपारी जेवणानंतर, अकराशेच्या वर लेव्हल, आणि कधीच कुठे लॉगिन नाही कारण "ते मेल वगैरे नको बाई". गेस्ट अकाउंटची चावी फक्त त्या फोनमध्ये असते. फोन गेला किंवा गेम अनइन्स्टॉल झाला की चावी गेली.

पण जुना फोन चालू असेल तर हे सगळ्यात सोपं काम आहे. जुन्या फोनवर गेम उघडा, सेटिंग्जमध्ये जाऊन मेल किंवा फेसबुक किंवा गूगल जोडा, नेट चालू ठेवून एक लेव्हल खेळा म्हणजे सिंक होतं, जोडल्याची खूण दिसते का बघा, आणि मग नवीन फोनवर त्याच मेलने लॉगिन.

मावशीच्या जुन्या फोनचं टच गेलं होतं, म्हणूनच तर नवीन घेतला. डिस्प्ले दिसत होता पण बोटाला काही दाद देत नव्हता. तेव्हा ओटीजी कनेक्टर आणला, त्यात कॉम्प्युटरचा साधा यूएसबी माउस लावला, स्क्रीनवर बाण आला, आणि माउसने पॅटर्न काढून फोन उघडला. ओटीजी लावल्यावर चार्जर लागत नाही म्हणून आधी फोन पूर्ण चार्ज करून घेतला. काही फोनमध्ये ओटीजीचा स्विच सेटिंग्जमध्ये आधी चालू करावा लागतो, तिथे मात्र टच नसेल तर अडचण, मग दुकानात तात्पुरता डिस्प्ले लावून घेणं हाच मार्ग. मावशीची लेव्हल आली. लाइफ भरलेल्या नव्हत्या आणि जमवलेले काही बूस्टर आले नाहीत, असं काही गेममध्ये होतं, लेव्हल सर्व्हरवर असतात आणि बारीकसारीक वस्तू फोनमध्येच राहतात.

सेव्ह फक्त फोनमध्येच असेल तर अँड्रॉइडचा बॅकअप

अँड्रॉइड 6 पासून फोन ॲपचा डेटा आपोआप गूगलवर ठेवतो. साधारण दिवसातून एकदा, फोन नुसता पडून असताना आणि वायफायवर असताना. पण एका ॲपला 25 एमबीचीच मर्यादा आहे, गेमचा डेटा त्यापेक्षा मोठा झाला तर त्याचा बॅकअप होत नाही, आणि गेम बनवणाऱ्याने बॅकअप बंद ठेवला असेल तरीही होत नाही. म्हणून एक पझल येतो आणि दुसरा येत नाही, यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

बॅकअप आहे का ते ड्राइव्ह ॲपच्या मेनूमध्ये "बॅकअप्स" वर दिसतं, जुन्या फोनचं मॉडेल आणि शेवटची तारीख. ती तारीख बघा. जुना फोन बंद पडून 57 दिवस झाले तर बॅकअप पुसला जाऊ शकतो, म्हणून यात "पुढच्या महिन्यात बघू" चालत नाही.

आता अडचण अशी की हा डेटा मनात आलं तेव्हा ओढून घेता येत नाही. तो फोन पहिल्यांदा सेट करताना येतो. तुम्ही घाईत "नवीन फोन म्हणून सेट करा" केलं असेल तर नवीन फोन फॅक्टरी रिसेट करून परत सेटअप करावा लागतो, आणि त्यात "ॲप आणि डेटा कॉपी करा" येईल तिथे जुन्या फोनचा बॅकअप निवडायचा. दोन गोष्टी आधी तपासा. जुन्या फोनच्या लॉकचा पिन किंवा पॅटर्न आठवतोय का, कारण बॅकअप त्यानेच कुलूपबंद असतो आणि सेटअपमध्ये तो विचारला जातो. आणि नवीन फोनचं अँड्रॉइड जुन्यापेक्षा खालच्या व्हर्जनचं नाही ना, नवीन व्हर्जनचा बॅकअप जुन्या व्हर्जनवर उतरत नाही. एका गेमसाठी आख्खा फोन रिसेट करायचा का हे तुमचं तुम्ही ठरवा, पहिल्या दिवशी फोन रिकामाच असतो तेव्हा मी करेन, महिन्याभराने दहादा विचार करेन, बँकेची आणि यूपीआयची ॲप सगळी परत लावायला लागतात.

माइनक्राफ्टवाल्यांनी वेगळं लक्ष द्या. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की विकत घेतलेल्या वस्तू येतात, पण तुम्ही बांधलेलं जग येत नाही, ते फोनमध्ये असतं. जुन्या फोनवर जगाच्या शेजारच्या पेन्सिलवर टॅप करा, खाली जाऊन Export World करा, .mcworld ची फाइल तयार होते, ती ड्राइव्हवर टाका आणि नवीन फोनवर उघडा. जग मोठं असेल तर वेळ लागतो, मध्ये स्क्रीन बंद होऊ देऊ नका.

काहीच जमलं नाही तर सपोर्टला लिहायचं कसं

सर्व्हरवाल्या गेममध्ये हा खरा मार्ग आहे, पण "माझं अकाउंट गेलं प्लीज द्या" एवढंच लिहिलं तर उत्तर पण तसंच येतं. त्यांना हे पटवायचं असतं की अकाउंट तुमचंच आहे. प्लेअर आयडी किंवा टॅग द्या, तो जुन्या स्क्रीनशॉटमध्ये किंवा मित्राच्या फ्रेंडलिस्टमध्ये, क्लॅनमध्ये सापडतो. गेममधलं नाव, शेवटची लेव्हल, साधारण कधी सुरू केला, जुन्या फोनचं मॉडेल, शेवटचं कधी खेळलात. आणि कधी दहा रुपयांची जरी खरेदी केली असेल तर तिची पावती, गूगल प्लेची पावती मेलवर येते, ऑर्डर नंबर GPA ने सुरू होतो, इनबॉक्समध्ये GPA टाकून शोधा. यासारखा पुरावा दुसरा नाही. मेसेज गेमच्या आतल्या हेल्पमधूनच पाठवा आणि एकाच विषयासाठी चार-चार तिकिटं काढू नका.

टेलिग्रामवर "अकाउंट रिकव्हर करून देतो, पाचशे रुपये" म्हणणारे भेटतील. त्यांना तुमचा 6 आकडी कोडच हवा असतो. कोड दिला की अकाउंट त्यांचं.

आयफोनवर जाणाऱ्यांसाठी: गूगल प्ले गेम्सचा सेव्ह तिथे येत नाही, त्यामुळे जुना अँड्रॉइड हातात असतानाच गेमला कंपनीचं स्वतःचं अकाउंट, मेल किंवा फेसबुक जोडून घ्या. विकत घेतलेली नाणी किंवा डायमंड प्रत्येक गेममध्ये पलीकडे जातातच असं नाही, शिल्लक असतील तर आधीच वापरून टाका. आणि ऑफलाइन गेमचा सेव्ह, ज्याला अकाउंटच नाही, तो पलीकडे न्यायचा मार्ग नाही.

जुना फोन देऊन टाकायच्या आधी शेवटची तपासणी अशी करा. नवीन फोनवर गेम उघडून एक लेव्हल पुढे जा किंवा एखादी वस्तू अपग्रेडला लावा, गेम पूर्ण बंद करा, मग जुन्या फोनवर तोच गेम उघडून तो बदल तिथे दिसतो का बघा. दिसला तर दोन्ही फोन एकाच अकाउंटवर आहेत, आता जुना बिनधास्त रिसेट करा. दिसला नाही तर नवीन फोनवर जे दिसतंय ती जुन्याची नुसती कॉपी आहे, आणि त्यावर अजून कुठलंच अकाउंट लागलेलं नाही.